दाजींच्या गालात पांढरा चट्टा: तुकडा काढायचा की थांबायचं?

बार्शीचा_पाहुणा
मंडळी, जरा गोंधळ झालाय. आमचे दाजी, वय ४६, ट्रकवर असतात. बावीस वर्षं झाली, चुना मळून तंबाखू. दिवसाला आठ-दहा बार सहज होतात, आणि बार कायम डावीकडे, खालच्या दाढा आणि गाल यांच्या मधल्या खाचेत. दाढ दुखते म्हणून मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाढ राहिली बाजूला, गाल ओढून बघितला आणि म्हणाले, इथे पांढरा चट्टा आहे, दोन आठवडे तंबाखू पूर्ण बंद करून परत या, कदाचित बायोप्सी लागेल.

मी टॉर्च लावून बघितलं. दोन-अडीच इंच लांब, पांढरट, सुरकुतलेला. धुणं धुतल्यावर बोटं कशी होतात तसा. दाजींना काहीच दुखत नाही. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. ताई म्हणते उद्याच तुकडा काढा. चुलत सासरे म्हणतात लोखंड लागलं की पसरतं, अजिबात हात लावू देऊ नका. दाजी म्हणतात दुखत नाही ना, मग काय. थांबावं का लगेच काढावा?

गावरान_वांगं
टेन्शन घेऊ नका. माझ्या मित्राला अगदी असाच होता. तंबाखू सोडली आणि महिन्याभरात गेला, मागमूस नाही. हा चट्टा म्हणजे घट्टा असतो, खोऱ्याने काम करणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा. कापलं की पसरतं हे खोटं आहे, पण उगाच कापायचं तरी कशाला? पांढरा चट्टा दिसला की नियम एकच: दोन आठवडे सोडा, गेला तर विषय संपला, नाही गेला तर बायोप्सी.

दंतकथा
गेली अठरा वर्षं तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. वांगेसाहेबांचं बरंचसं बरोबर आहे, फक्त 'नियम एकच' एवढं सोडून.

तुमच्या दाजींच्या डॉक्टरांनी केलं ते मीही करतो. आधी गॉजने पुसून बघायचं. पुसून निघाला आणि खाली लाली दिसली तर बुरशी, तिला औषध वेगळं. गालाला टोकेरी दाढ घासत असेल तर ती गुळगुळीत करायची. आणि चट्टा बरोबर बार ठेवायच्या जागीच असेल तर बार बंद करून चौदा दिवसांनी परत बोलवायचं. चट्टा नुसता तंबाखू-चुन्याच्या माऱ्याने जाड झाला असेल तर या मुदतीत तो पातळ होताना डोळ्यांना दिसतो. पूर्ण जायला महिना-दीड महिनाही लागतो.

पण ही मुदत देण्याआधी चार गोष्टी बघाव्या लागतात. चट्ट्यात किंवा आजूबाजूला कुठे लाल भाग आहे का? जखम आहे का? बोटाने दाबलं तर आत टणक, पुठ्ठ्यासारखं लागतं का? आणि जीभ वर करून, बाजूला काढून बघितलं तर तिच्या कडांवर किंवा खालच्या भागातही चट्टा आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर चौदा दिवसांचं गणित लागू होत नाही. फोटो टाकू नका, फोटोवरून मी काहीही सांगणार नाही. टॉर्च घ्या आणि परत बघा.

खारी_बिस्कीट
मला दर महिन्याला तोंड येतं. ओठाच्या आत पांढरे ठिपके, भोवती लाल, भयंकर चुरचुरतात. तंबाखू कधीच नाही. आता हे वाचून हातपाय गार पडले. बायोप्सी करू का?

दंतकथा
नको. येतात, दुखतात, आठ-दहा दिवसांत आपोआप जातात आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच जागी उठतात, ही साधी तोंड येण्याची लक्षणं. आम्हाला काळजी वाटते ती एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या फोडाची. कारण काढून टाकलं आणि तरी दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्याचा तुकडा घ्यायचा. दुखतो की नाही हा प्रश्नच नाही. खरं तर सुरुवातीला दुखत नाही म्हणून तर माणसं उशिरा येतात.

बार्शीचा_पाहुणा
दंतकथा साहेब, आज परत बघितलं. चट्टा पुढे पांढराच आहे. पण एकदम मागे, शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूला गालावर तूरडाळीएवढा लाल डाग आहे, त्यावर मिठाचे दाणे पडल्यासारखे पांढरे ठिपके. दाजी म्हणतात गरम चहा तिथे झोंबतो, पण तो अक्कलदाढेमुळे. बोट लावलं, टणक काही वाटलं नाही. जीभ चांगली आहे. डॉक्टरांना तो डाग दिसला नसावा, कारण दाजींनी तोंड पुरतं उघडलंच नव्हतं.

स्लाइडवाली
मी ओरल पॅथॉलॉजिस्ट. नागपूरच्या बाजूला नोकरी झाली, आता निवृत्त. आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली असेच तुकडे बघण्यात गेलं.

पाहुणे, त्या तूरडाळीने प्रश्न बदलला. पुढच्या पांढऱ्या पट्ट्याला चौदा दिवस द्या, हरकत नाही. मागच्या लाल डागाला ती सवलत नाही.

वांगेसाहेबांची घट्ट्याची उपमा मला आवडली, तीच पुढे नेते. पांढरं दिसतं म्हणजे वरच्या अस्तरावर जाड थर साचलाय. माऱ्याला तोंड देण्याची ती एक पद्धत आहे, आणि बहुतेक पांढऱ्या चट्ट्यांची मजल तिथेच संपते. सगळे पांढरे चट्टे एकत्र धरले तर वर्षाला शंभरातला एखाद-दुसरा कर्करोगाकडे जातो. लाल दिसतं म्हणजे उलट. अस्तर पातळ झालंय, खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत, पेशी नीट पिकून वर यायच्या थांबल्यात. साधी सूज असली तरी लाल दिसू शकतं, म्हणून डोळ्यांनी ठरवत नाहीत. पण सलग मखमली लाल डागाचा तुकडा माझ्या टेबलावर आला की निव्वळ निरुपद्रवी निघणं दुर्मीळच. लाल-पांढरा ठिपकेदार डाग या दोघांच्या मधला. मधला म्हटलं तरी बायोप्सीच्या बाजूचा.

लगेच म्हणजे आज रात्री नव्हे. या आठवड्यात.

चुलत सासऱ्यांना सांगा, पसरण्याची भीती उलटी आहे. गालाचा तुकडा म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा गोल, पेन्सिलच्या टोकासारख्या पोकळ पात्याने काढलेला. भूल चट्ट्याच्या आत नाही, बाजूने टोचतात, नाहीतर पेशी फुगतात आणि मला स्लाइडवर काही वाचता येत नाही. एखाद-दोन टाके. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचा, पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाठवायचा नाही. असे कुजलेले तुकडे मी कितीतरी परत पाठवलेत. दाजी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

माई_कुडाळ
आमच्याकडे तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. त्याला व्यसन कोण म्हणतो? माझी आई चाळीस वर्षं सकाळ-दुपार-रात्र मिश्री लावायची. खालची एक दाढ हलायला लागली. वय झालं म्हणून गावातच काढून घेतली. खड्डा भरेना. पुन्हा गेलो, गोळ्या दिल्या. पुन्हा गेलो, साफ करून दिला. दोन महिने असे गेले. शेवटी गोव्याला दाखवलं तर त्यांनी खड्ड्याच्या कडेचा तुकडा घेतला. हिरडीचा कर्करोग, हाडात उतरलेला. दाढ त्याच्यामुळेच हलत होती. अर्धा जबडा काढावा लागला. आई त्यानंतर सहा वर्षं जगली, पेजेवर.
दाजींची दाढ दुखते म्हणून लिहिलंत तेव्हापासून मनात घोळत होतं, म्हणून लिहिलं.

दंतकथा
माई, हे प्रत्येक दातवाल्याने वाचावं. पाहुणे, ती दुखरी दाढ तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत काढू देऊ नका. एकटीच दाढ हलते, बाकीचे दात घट्ट आहेत आणि माणूस तंबाखूवाला आहे, असं असेल तर आधी एक्स-रे. काढलेल्या दाढेचा खड्डा दोन-तीन आठवड्यांत वरून भरून यायला हवा.

चांदा_ते_बांदा
आमच्याकडे खर्रा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. गुटख्यावर २०१२ ला बंदी आली तेव्हा सगळे खर्र्यावर गेले, पानटपरीवर समोर घोटून देतात. मला चट्टा नाही काही. पण तिखट सहन होत नाही आणि तोंडात दोनच बोटं जातात, आधी तीन जायची. गाल आतून पांढरे, ताठ. वय २९. एकाने व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, एकाने गालात इंजेक्शन. तंबाखू मी सोडली, आता नुसती सुपारी खातो. हे त्याच्यातच येतं का?

स्लाइडवाली
वेगळं आहे, पण शेजारचं आहे. तुमचा गाल ताठ होतोय तो सुपारीमुळे, तंबाखूमुळे नाही. म्हणजे तुम्ही सोडली ती निम्मीच गोष्ट, आणि या दुखण्यापुरती चुकीची निम्मी. सुपारी स्वतःच कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तसं जाहीर केलंय. आखडलेलं तोंड सुपारी सोडून फारसं मोकळं होत नाही, पण आणखी बंद व्हायचं थांबू शकतं. तोंड उघडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून दर महिन्याला लिहून ठेवा, बोटांचा अंदाज फसवतो. आणि असा गाल ताठ झाल्यावर त्यात चट्टा किंवा फोड उठला तर तो लवकर दाखवा. तोंडच उघडत नसेल तर डॉक्टरला मागचं दिसणार कसं?

बार्शीचा_पाहुणा
बारा दिवसांनी लिहितोय. चांगली बातमी! एका खासगी दवाखान्यात तुकडा घेतला. रिपोर्ट आला: 'हायपरकेरॅटोसिस, डिसप्लेझिया नाही.' म्हणजे नुसता जाड थर, पेशी बिघडलेल्या नाहीत. घरात पेढे वाटले. दाजींनी बारा दिवस पाळलं होतं, रिपोर्ट आला त्या संध्याकाळी पुडी फोडली. ताई बोलत नाहीये त्यांच्याशी. सगळ्यांचे आभार, धागा बंद करायला हरकत नाही.

स्लाइडवाली
थांबा. तुकडा कुठून घेतला?

बार्शीचा_पाहुणा
डाव्या गालातूनच, चट्ट्यातून.

स्लाइडवाली
गाल मोठा आहे. पुढचा पांढरा पट्टा की मागची तूरडाळ? रिपोर्टवर वरच्या बाजूला नमुन्याची जागा लिहिलेली असते. टाका कुठे दिसतो तेही बघा.

बार्शीचा_पाहुणा
रिपोर्टवर 'डावा गाल' एवढंच आहे. टाका पुढे आहे, ओठाच्या कोपऱ्यापासून इंचभर आत, जिथे चट्टा सगळ्यात जाड होता. पांढरा पट्टा आता बराच पातळ झालाय, निम्मा गेलाच म्हणा. मागचा लाल डाग आहे तसाच.
मी डॉक्टरांना डागाचं सांगितलं नव्हतं. मला वाटलं त्यांना दिसेलच.

स्लाइडवाली
रिपोर्ट खोटा नाही. त्या पाच मिलिमीटरबद्दल तो पूर्ण खरा आहे. फक्त तुमचा प्रश्न दोन इंच मागे होता.

हे फार वेळा होतं. पुढची जागा हाताशी असते, जाड पांढरं डोळ्यांत भरतं, आणि मागे पात्यासाठी जागा नसते. पण जाड पांढऱ्यातून घेतलं की जाड पांढरंच कळतं. तुकडा घ्यायचा तो सगळ्यात संशयास्पद ठिकाणाहून: लाल, दाणेदार, उंचावलेला, टणक. जखम असेल तर मधोमध नाही, मधे नुसता मेलेला भाग निघतो. कडेचा घ्यायचा, जखम आणि बाजूचं चांगलं कातडं दोन्ही येतील असा. चट्टा मोठा आणि जागोजागी वेगळा दिसत असेल तर दोन-तीन तुकडे, प्रत्येकाची बाटली वेगळी, प्रत्येकावर जागा लिहिलेली.

दंतकथा
परत जा, आणि संकोच न करता बोट ठेवून दाखवा, 'हा डाग'. नक्की कुठून घ्यायचं कळत नसेल तर टोल्युइडिन ब्लू नावाचा निळा रंग लावून बघतात. डाग गडद निळा धरून ठेवतो ती जागा निवडायला मदत होते. साध्या सुजेवरही तो रंग चढतो, आणि रंग चढला नाही म्हणजे सुटलो असंही नाही, त्यामुळे बायोप्सीऐवजी तो चालत नाही. तसंच ब्रशने खरवडून पेशी तपासतात, त्याचं उत्तर 'काही नाही' आलं तरी लाल डागाला मी ते पुरेसं मानत नाही.

एसटी_स्टँड
बार्शीत असून बाहेर कशाला फिरताय? नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय तुमच्या गावातच आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ पासून तिथली. आमच्या गावात घरोघर तोंड तपासायला तिथलीच माणसं यायची, लहानपणी आम्ही त्यांच्यामागे पळायचो.

गावरान_वांगं
माझी चूक झाली, लालचं मला माहीत नव्हतं. पण तोवर लायकोपिनच्या गोळ्या सुरू करा, टोमॅटोतलं असतं ते. चट्टे जातात.

स्लाइडवाली
काहींचे फिके होतात, हे खरं. पण गोळ्यांनी कर्करोग टळतो असं कोणी दाखवलेलं नाही. चट्टा फिका झाला तर तुकडा कुठून घ्यायचा तेही कळेनासं होतं. बायोप्सीआधी तर नकोच.

बार्शीचा_पाहुणा
तीन आठवड्यांनी. दुसऱ्या ठिकाणी गेलो. मॅडमनी जीभ दाबून, आरसा लावून बघितलं, डागाचा फोटो काढला, मानेतल्या गाठी चाचपल्या. मान ठीक म्हणाल्या. लाल डागातून तुकडा घेतला. रिपोर्ट: 'मॉडरेट एपिथेलियल डिसप्लेझिया.' कर्करोग नाही, पण बरंही नाही, असं त्या म्हणाल्या. पूर्ण डाग काढून टाकू असं म्हणतात. कर्करोग नाही तर काढायचा कशाला, हा दाजींचा प्रश्न. आणि मला विचाराल तर माझाही.

टाके_घालणारा
तोंडाची सर्जरी करतो, म्हणून उत्तर देतो. एक, पाच मिलिमीटरच्या तुकड्यात डिसप्लेझिया दिसला म्हणजे उरलेल्या डागात त्याहून वाईट नाही याची खात्री नसते. बायोप्सीत कर्करोग नव्हता असे चट्टे पूर्ण काढून तपासले, तर दहातल्या एकाच्या आसपास सुरुवातीचा कर्करोग सापडल्याचे अभ्यास आहेत. दोन, डाग लहान आहे, गालावर आहे, काढल्याने फारसं काही बिघडत नाही. मी तरी काढलाच असता, कडेने काही मिलिमीटर चांगलं कातडं घेऊन. आणि सुरीने. लेझरने जाळून टाकला तर तपासायला काही उरत नाही.

स्लाइडवाली
बहुतेक सहमत. एक भर घालते. मॉडरेट म्हणजे काय यावर आम्ही पॅथॉलॉजिस्ट आपसात भांडतो. एकच स्लाइड दोघांना दिली तर एक माइल्ड म्हणेल, दुसरा मॉडरेट. स्लाइड आणि तुकडा ज्या मेणात जपतात तो ब्लॉक तुमच्या मालकीचे आहेत, मागून घ्या आणि हवं तर दुसरं मत घ्या. पण काढल्याने धोका शून्य होतो असं दाजींना सांगू नका. बावीस वर्षं तंबाखूचा रस त्या एका डागावर नाही, सगळ्या तोंडात फिरलाय. काढलेल्या जागी किंवा दुसरीकडे चट्टा पुन्हा येऊ शकतो.

बार्शीचा_पाहुणा
शेवटचं अपडेट, म्हणजे सध्यापुरतं. डाग काढला. एक दिवस दवाखान्यात, आठवडाभर पातळ खाणं. अंतिम रिपोर्ट: मॉडरेट डिसप्लेझिया, कर्करोग कुठेच नाही. पण मागच्या कडेला 'माइल्ड डिसप्लेझिया काठापर्यंत' असं लिहिलंय. पुढचा पांढरा पट्टा जवळजवळ गेलाय.
पुडीच्या मागे छापलेला १८००-११-२३५६ नंबर ताईने लावून दिला, तिथून दाजींना अधूनमधून फोन येतो. रात्रीच्या ड्रायव्हिंगला हात खिशाकडे जातोच, म्हणून केबिनमध्ये भाजलेल्या बडीशेपेची डबी ठेवलीय. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा परत सुरू केलंय सोडणं.
कडेचं काय करायचं? परत कापायचं?

टाके_घालणारा
कडेला नुसता माइल्ड असेल तर मी परत कापत नाही. तंबाखू बंद ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. जागा लाल झाली किंवा टणक लागली तर लगेच तुकडा.

स्लाइडवाली
मी जरा वेगळं सांगेन. दोनदा घसरलेत म्हणताय. तंबाखू चालू राहिली तर त्या काठावर माझा भरवसा नाही. तीन महिन्यांनी, डोळ्यांना चांगलं दिसलं तरी, मी तिथून एक तुकडा मागितला असता.

टाके_घालणारा
जखमेच्या वणातून तुकडा घेऊन काय वाचणार बाई तुम्ही? दोन महिन्यांपूर्वी कापलेल्या जागेवरच्या बऱ्या होणाऱ्या पेशीही तुम्हाला डिसप्लेझियासारख्या दिसतील.

स्लाइडवाली
म्हणून तर तीन महिने म्हटलं. आणि तुकड्यासोबतच्या कागदावर 'पूर्वी इथे शस्त्रक्रिया' एवढं लिहिलंत तर मी तेवढी आंधळी नाही.

बार्शीचा_पाहुणा
मॅडमची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तुम्हा दोघांचं लिहिलेलं प्रिंट काढून नेतो, त्यांनाच ठरवू दे. आणि या वेळी कुठलीही जागा दाखवायची असली तर बोट मी ठेवणार.

चांदा_ते_बांदा
मोजलं आज पट्टीने. २६ मिलिमीटर. सुपारीची पुडी अजून खिशात आहे.